चोवीस झोंबी आणि वाढत जाणारा आकडा

लाटांवर लाटा येणाऱ्या होर्ड मोडविषयी बोलताना बहुतेक खेळाडू एकच गोष्ट सांगतात, की प्रत्येक राउंडला शत्रू वाढत जातात आणि म्हणून खेळ अवघड होत जातो. हे विधान मला अर्धेच खरे वाटते. शत्रू वाढतात हे बरोबर आहे. परंतु ते कुठे वाढतात आणि त्या वाढीमुळेच खेळ अवघड होतो का, हे पाहण्यासाठी कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स (२०१०) मधील झोंबी मोड हे माझ्या मते सर्वांत उपयुक्त उदाहरण आहे. या मोडचा पाया २००८ च्या वर्ल्ड अ‍ॅट वॉरमध्येच घातला गेला होता. त्याच्या स्क्रिप्ट मॉड करणाऱ्यांनी इतक्या वेळा उलगडून पाहिल्या आहेत, की अंदाज बांधण्याची गरजच उरत नाही.

एका राउंडमध्ये एकूण किती झोंबी येणार, हे ठरवणारा हिशेब थोडक्यात असा आहे, आणि उत्तरातील अपूर्णांक सोडून दिला जातो:

```
multiplier = round / 5            (min 1)
if round >= 10: multiplier = multiplier * round * 0.15
solo:  total = 24 + 3 * multiplier
co-op: total = 24 + 6 * (players - 1) * multiplier
```

पहिल्या पाच राउंडांत या बेरजेला कात्री लावली जाते आणि तिचा अनुक्रमे ०.२५, ०.३, ०.५, ०.७ आणि ०.९ एवढाच भाग घेतला जातो. त्यामुळे एकट्या खेळाडूसमोर पहिल्या राउंडला ६, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला १३, चौथ्याला १८ आणि पाचव्याला २४ झोंबी येतात. हा चढ चांगलाच तीव्र आहे; मात्र पाचव्या राउंडनंतर आलेख एकदम सपाट होतो. सातव्या आणि आठव्या राउंडला २८ झोंबी आणि नवव्याला २९, म्हणजे तीन राउंडांत भर पडते ती केवळ एकाची. दहाव्या राउंडला दुसरा गुणक लागू होतो आणि संख्या ३३ वर जाते. एकट्याने खेळताना ही पायरी जाणवतही नाही, परंतु चौघे खेळत असतील तर नवव्या राउंडचे ५६ दहाव्याला एकदम ७८ होतात. दहाव्या राउंडपासून खेळ बदलतो, असे जे अनुभवी खेळाडू सांगतात, ती त्यांची कल्पना नव्हे. सूत्र तिथे खरोखरच मोडते.

आता मुख्य मुद्दा. विसाव्या राउंडला एकट्या खेळाडूसाठी ६०, तिसाव्याला १०५ आणि चाळिसाव्याला १६८ झोंबी येतात. परंतु नकाशावर एका वेळी २४ पेक्षा अधिक झोंबी नसतात. यंत्राला एका वेळी किती पात्रे हलवता येतील, यावर ही मर्यादा ठेवलेली आहे. एक मेला की दुसरा स्पॉन होतो. म्हणजे सूत्रातून येणारा आकडा हा समोर उभ्या असलेल्या गर्दीचा नसून दाराबाहेर लागलेल्या रांगेचा आहे. पाचव्या राउंडनंतर गर्दी वाढतच नाही, वाढते ती फक्त रांग. चौघांच्या खेळात तिसाव्या राउंडला ही रांग ५१० ची असते, पण त्याही वेळी नकाशावर चोवीसच झोंबी असतात, म्हणजे सरासरीने प्रत्येकाच्या वाट्याला सहा. मित्रांबरोबर खेळताना उशिराचे राउंड सोपे तरी कंटाळवाणे का वाटतात, याचे उत्तर या भागाकारात आहे. (अर्थात चौघांपैकी एक जण पडला आणि त्याला उठवायला दुसरा धावला, की हा भागाकार क्षणात बदलतो, हेही मान्य करायला हवे.)

खेळाडूंनी ही मर्यादा कधीच ओळखली आणि तिच्यावरच आपली सगळी पद्धत उभी केली. ‘ट्रेन’ म्हणून जो प्रकार प्रसिद्ध आहे, त्यात मोकळ्या जागेत गोल गोल धावत सर्व झोंबींना आपल्या मागे एका शेपटीत गोळा केले जाते. ही युक्ती जमते ती केवळ चोवीसच्या मर्यादेमुळे. चोवीसही झोंबी मागे आले, की समोरून एकही येऊ शकत नाही. त्यांना जागाच नसते. मी स्वतः ट्रेन शिकत होतो तेव्हा तेवीस झोंबी गोळा झाले, की वळून गोळीबार सुरू करत असे आणि दर वेळी एका दारातून आलेल्या चोविसाव्याच्या हाती सापडत असे. शेपूट पूर्ण झाली आहे की नाही, हे मोजण्याने कळत नाही. एक पूर्ण फेरी मारूनही समोर कोणी उगवले नाही, तरच ती पूर्ण झाली असे समजावे.

मग अडचण वाढते ती कशाने? पहिले उत्तर वेग. दोन झोंबींच्या स्पॉनमधील अंतर पहिल्या राउंडला दोन सेकंदांचे असते आणि प्रत्येक राउंडला ते पाच टक्क्यांनी घटते. विसाव्या राउंडला ते सुमारे पाऊण सेकंद उरते. झोंबींची चालही बदलते. सुरुवातीला सगळे रखडत चालतात, मग चालणारे आणि धावणारे यांची सरमिसळ होते, आणि नवव्या-दहाव्या राउंडच्या आसपास बहुतेक सगळे सुसाट धावू लागतात. माझ्या मते संपूर्ण मोडमधील सर्वांत सुंदर राउंड हे चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे आहेत, आणि त्याचे कारण संख्या नाही. त्या राउंडांत एकाच घोळक्यात वेगवेगळे वेग असतात, त्यामुळे कोणता झोंबी आधी पोहोचेल याचा अंदाज प्रत्येक क्षणी नव्याने बांधावा लागतो. सगळे एकाच वेगाने धावू लागले, की घोळका एकजिनसी होतो आणि खरे तर हाकायला सोपा जातो.

दुसरे उत्तर हेल्थ. पहिल्या राउंडच्या झोंबीची हेल्थ १५० असते आणि नवव्या राउंडपर्यंत तिच्यात दर वेळी १०० ची भर पडत ती ९५० होते. दहाव्यापासून बेरीज थांबते आणि दर राउंडला दहा टक्के वाढ सुरू होते. गंमत अशी, की त्या पहिल्या वळणावर वाढ शंभरावरून पंचाण्णववर येते, म्हणजे बदल उलट सौम्य भासतो. पुढे मात्र हे चक्रवाढ व्याज आहे आणि साधारण सात राउंडांत मुद्दल दुप्पट होते. विसाव्या राउंडला एका झोंबीची हेल्थ सुमारे २,७००, तिसाव्याला सुमारे ७,०००, आणि चाळिसाव्याला १८,००० च्या पुढे जाते. पाचव्या राउंडला सर्व झोंबींची हेल्थ मिळून १३,२०० भरते, तर चाळिसाव्याला तीस लाखांच्या वर. संख्या सातपट झाली आणि काम दोनशेपटींहून अधिक झाले.

बंदुकीची ताकद मात्र या व्याजाने वाढत नाही. ब्लॅक ऑप्समध्ये पॅक-अ-पंच यंत्रातून बंदूक एकदाच सुधारून मिळते आणि त्यानंतर तिची ताकद तिथेच थांबते. परिणामी पंचविसाव्या राउंडच्या पुढे खेळाडू हळूहळू बंदुका सोडतात आणि ज्यांना हेल्थशी देणेघेणे नाही अशा साधनांकडे वळतात. किनो डर टोटन या नकाशावर ती साधने म्हणजे थंडरगन आणि विजेचे सापळे. अडचण वाढवण्यासाठी लिहिलेल्या सूत्राने प्रत्यक्षात शस्त्रांची निवड संपवली, आणि हा माझा या मोडवरील सर्वांत मोठा आक्षेप आहे.

शत्रूंचे प्रकार बदलून ही कोंडी फोडता आली असती, आणि तसा प्रयत्न झालाही होता. कुत्र्यांचा राउंड प्रथम पाचव्या ते सातव्या राउंडच्या दरम्यान येतो आणि नंतर दर चार-पाच राउंडांनी परततो. धुके पसरते, झोंबी नाहीसे होतात, आणि विजेच्या लोळातून उतरलेले हेलहाउंड थेट अंगावर येतात. त्यांची संख्या वरच्या सूत्रातून येत नाही. पहिल्या दोन वेळा खेळाडूमागे सहा आणि त्यानंतर आठ, एवढा साधा हिशेब आहे. त्यांची हेल्थ पहिल्या वेळी ४००, मग ९००, मग १,३००, आणि चौथ्या वेळी १,६००; तिथून पुढे ती वाढतच नाही. पहिल्या भेटीत, जेव्हा हातात साधे पिस्तूल आणि भिंतीवरून विकत घेतलेली एखादी बंदूक असते, तेव्हा हे कुत्रे धडकी भरवतात, कारण झोंबींसाठी शिकलेली मागे सरकण्याची सवय त्यांच्यापुढे चालत नाही. पण तिसाव्या राउंडला झोंबी ७,००० हेल्थचा आणि कुत्रा अजूनही १,६०० चाच असतो. शिवाय शेवटचा कुत्रा मेल्यावर दारूगोळा भरून देणारा मॅक्स अ‍ॅमो मिळतो. जो राउंड परीक्षा म्हणून आखला होता, तो विश्रांतीचा होऊन बसतो. मला कुत्र्यांची हेल्थही चक्रवाढीने वाढायला नको आहे. उशिराच्या राउंडांत चोवीस जागांपैकी चार जागा कुत्र्यांना दिल्या, तर ट्रेनची शेपूट आपोआप फाटेल, कारण वेगळ्या वेगाचा शत्रू शेपटीत राहत नाही. डेर रीझे नकाशावर उशिराच्या राउंडांत झोंबींमध्ये अधूनमधून कुत्रे मिसळलेले आढळतात, आणि तिथला तणाव वेगळा का वाटतो, हे एकदा खेळून पाहिले तरी समजते.

किलिंग फ्लोर (२००९) या बाबतीत अधिक समंजस वाटतो. तिथे लाटा चार, सात किंवा दहाच असतात आणि अखेरीस बॉस येतो, त्यामुळे कोणताही आलेख अनंतापर्यंत ताणावा लागत नाही. सहा खेळाडू असले तरी शत्रू सहापट होत नाहीत, साडेचारपटच होतात. लाटा पुढे सरकतात तसे क्लॉट या साध्या शत्रूच्या जोडीला स्क्रेक आणि फ्लेशपाउंड हे दांडगे शत्रू मिसळू लागतात, आणि एक फ्लेशपाउंड आला, की आधी कोणावर गोळी झाडायची हा क्रमच बदलतो. गियर्स ऑफ वॉर २ (२००८) ने तिसराच मार्ग घेतला: पन्नास लाटा, पण दहा-दहाच्या चक्रात, आणि प्रत्येक नव्या चक्रात तेच शत्रू अधिक चिवट. नवे प्रकार न घडवता लांबी मिळवण्याचा तो प्रामाणिक उपाय होता, मात्र तिसऱ्या चक्रापर्यंत पुढची लाट कोणती, हे पाठ झालेले असते.

झोंबींच्या त्या चक्रवाढीला मात्र एक शेवट आहे, आणि तो कोणी आखलेला नव्हता. हेल्थ ज्या चिन्हयुक्त बत्तीस बिटांच्या पूर्णांकात साठवली जाते, त्याची कमाल मर्यादा २,१४७,४८३,६४७ आहे. ९५० ला दर राउंडला दहा टक्क्यांनी वाढवत नेले, तर १६३ व्या राउंडला ही मर्यादा ओलांडली जाते आणि आकडा उलटून ऋण होतो. दोनशे कोटींच्या घरात पोहोचलेला झोंबी त्या राउंडला चाकूच्या एका वाराने पडतो.