आंबट शॉटबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

"तुमचा लेख वाचून तीन दिवस लाइट रोस्टची एस्प्रेसो काढली. आंबटढाण! दळण बारीक करत गेलो तर मशीनच अडली. महागड्या बिया वाया गेल्या. माहिती नसेल तर लिहू नका. फोटोही धूसर आहेत."

चूक दाखवलीत तर मी ऐकून घेतो, पण 'माहिती नसेल तर लिहू नका' ही बोलायची रीत नव्हे. सहा वर्षं पुण्यातल्या एका कॅफेच्या काउंटरमागे उभा राहून रोज शॉट काढले आहेत मी. लेखात पाण्याचं तापमान द्यायचं राहून गेलं, एवढं मात्र मान्य.

मशीन अडली, त्याचं कारण तुमच्याच वाक्यात आहे. डार्क रोस्टची बी दाताखाली लगेच चुरा होते, लाइटची कडक राहते. कमी भाजल्यामुळे ती घट्ट असते आणि तिच्यातला अर्क पाण्यात सावकाश उतरतो. आंबटपणा आधी उतरतो, गोडवा मागून. अर्धामुर्धा अर्क निघाला की कप आंबट लागतो, म्हणून दळण बारीक करायचं हे बरोबरच. पण डोस तोच ठेवून बारीक करत गेलात तर पाणी अडतं आणि मग जोर लावून एखाद्या फटीतून पळतं. त्या फटीजवळची पूड कडू होते, बाकीची जवळजवळ कोरीच राहते. पोर्टाफिल्टर ठोकून काढलेल्या वडीला बारीक भोकं दिसली का? तिथूनच पाणी पळालं.

मागच्या वर्षी चिकमगळूरच्या वॉश्ड बियांशी मीही असाच झगडलो. 18 ग्रॅम पूड, 92 अंश, 28 सेकंदांत 36 ग्रॅम कॉफी. जिभेच्या कडा लिंबू लावल्यासारख्या चुरचुरल्या. आधी फक्त तापमान 95 केलं. धार बोथट झाली, पण गोडवा नव्हता. मग डोस 16 वर आणला, बास्केटही त्याच मापाचं लावलं. थर पातळ झाल्यामुळे दळण एक खूण बारीक करूनही पाणी अडलं नाही. कॉफी काढली 44 ग्रॅम, म्हणजे पावणेतीनपट. तेव्हा कुठे संत्र्यासारखी गोडसर चव आली. कप थोडा पातळ होतो, ती किंमत मोजावीच लागते. तरी आंबट लागली तर मी आणखी चार-पाच ग्रॅम कॉफी काढतो. कडवट, कोरडी लागली की मागे येतो.

तुमच्या मशीनवर तापमान बदलता येत नसेल तर पोर्टाफिल्टर लावून ती अर्धा तास तापू द्या. थंड पोर्टाफिल्टर पाण्याची उष्णता खातो.

फोटोंवर मी वाद घालणार नाही, आणि बियांचा खर्च माझ्या माथी मारू नका. तुमचा डोस, कपात आलेलं वजन आणि भाजल्याची तारीख कळवा. भाजून आठवडाही झाला नसेल तर आधी दोन आठवडे पाकीट बंद ठेवा. लाइट रोस्टमधला गॅस सावकाश सुटतो, आणि तो असेपर्यंत शॉट असाच बिथरतो.