कपिलेस पेंड वेळेवर घालावी

बारा दिवसांपासून माझ्या फोनात एक ‘ओके’ पडून होता. दुर्दैवानं तो माझाच होता.

मी औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज लातूरला अभ्यासिकेत जातो. स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. खिडकीच्या रांगेत बसणारी ती जालन्याची, इथं खोली करून राहते. तिचं नाव मी लिहिणार नाही. आजीनं बजावलंय. तर तिनं एकदा पंचायतराजच्या नोट्स मागितल्या आणि त्या निमित्तानं नंबर दिले-घेतले गेले. मी पीडीएफ पाठवली. ती म्हणाली, ‘मिळाल्या, थँक्यू.’ मी म्हणालो, ‘वेलकम.’ दोन दिवसांनी तिनं आपणहून विचारलं, ‘इथं सगळे येळवस येळवस करतात, ते काय असतं?’ मी लिहिलं, ‘सण असतो.’

हे लिहून मी तिघा मित्रांना सांगितलं होतं की आमचं बोलणं सुरू झालंय.

मग तिचा तिसरा मेसेज आला. ‘तुमच्या नोट्समध्ये 73वी घटनादुरुस्ती 1993ची लिहिलीय. दुरुस्ती 1992ची आहे. अंमल 24 एप्रिल 1993पासून.’ त्यावर मी ‘ओके’ लिहिलं. दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढं सगळं शांत झालं, शेवटची बस निघून गेल्यावर स्टँड होतं तसं.

येळवशीला चार दिवस उरले होते. संध्याकाळी ओसरीवर आजी सूप मांडीवर घेऊन तीळ निवडत होती आणि मी खांबाला टेकून फोनकडं बघत होतो.

“तासभर झालं बघायले,” आजी म्हणाली. “फोन हातात हाय अन् बोट हालंना. कुणी गेलं का?”

“नाही गं.”

“मग पोरगी हाय.”

सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईचा तर्क असा थेट चालतो, मधली स्टेशनं घेत नाही. मी नाही म्हणालो, हो म्हणालो, आईला सांगू नकोस म्हणालो. आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज नेमका तेव्हा थांबला होता, पण ते मला नंतर आठवलं.

लिहून ठेवलेलं वाचून दाखव, असं आजीनं फर्मावलं. माझ्याकडं तीन मसुदे होते. पहिला असा : ‘नमस्कार. आपण कशा आहात? आपला अभ्यास कसा चालू आहे?’

“हे ग्रामसेवकाचं पत्र हाय का? खाली शिक्का मार.”

दुसरा एका मित्रानं दिलेला हिंदी शेर होता, त्यात चाँद होता, जुल्फें होती आणि शेवटी दोन गुलाब. आजीला हिंदी चांगलं कळतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“हे तू लिवलंस?”

“फॉरवर्ड आहे.”

“मग पोरगी बी त्येलाच फॉरवर्ड हुईल.”

तिसरा मसुदा माझा स्वतःचा होता. ‘तुम्ही आज खूप छान दिसत होतात.’ हा वाचताना माझा आवाज ‘छान’वर बसला. आजीनं एक खडा उचलून अंगणात भिरकावला.

“आज म्हंजे कवा? चेहरा बघून सांगायला गल्लीत धा जण हायती. तिनं काय केलं ते सांग मला. पहिल्यापासून वाच.”

मी सगळं वाचलं. ‘ओके’पर्यंत आल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

“तिनं तुझी चूक काढली?”

“हो ना. लाज वाटली मला.”

“अरं येड्या, किती पानाचं होतं ते?”

“अडतीस.”

“ही चूक कितव्या पानावर?”

मी बघितलं. एकतिसाव्या. आजी काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. गणितातल्या ढ पोराला उत्तर फळ्यावरच लिहिलेलं असताना मास्तर बघतो तसं. आमच्या अभ्यासिकेत आजवर कुणी कुणाच्या नोट्स एकतिसाव्या पानापर्यंत वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

“तिनं दोनदा दार वाजवलं,” आजी म्हणाली. “येकदा येळवस इचारली, येकदा चूक काढली. अन् तू आतून म्हणलास, ओके.”

मग तिनं मला आजोबांची पत्रं सांगितली. मी ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला वाटतं, घरात आणखी कुणी तरी.

लग्न 1966चं. आजोबा मास्तर, नेमणूक तिकडं किनवटच्या बाजूला. घरी यायचे ते दिवाळीला आणि उन्हाळ्यात. मध्ये फक्त पोस्टकार्ड. ते वडिलांच्या नावानं यायचं, पण पणजोबांची शाळा निजामाच्या अमलातली, उर्दूतून झालेली, मराठी अक्षर त्यांना सावकाश लागायचं. म्हणून कार्ड आलं की धाकटा दीर ओसरीवर उभा राहून मोठ्यानं वाचायचा. ऐकायला सासू, सासरे, नणंदा, गडी, शिवाय पत्र आलं म्हणून डोकावलेले दोन शेजारी. एवढ्या सभेत नवरा बायकोला लिहिणार काय? तिचं नावसुद्धा घेता येत नव्हतं.

“पहिल्या कार्डात शेवटाला होतं, ‘कपिलेस पेंड वेळेवर घालावी. ती रात्री हंबरते काय, मला इकडे ऐकू येते.’”

“मग?”

“मग काय. आपल्याकडं दोन म्हशी होत्या अन् येक बैलजोडी. गाय नव्हतीच.”

पणजोबा म्हणे बराच वेळ विचारात पडले होते. पोरगं तिकडच्या हवेनं भ्रमिष्ट झालं की काय, अशीही चर्चा झाली. आजी चुलीपाशी पदर तोंडात धरून बसली होती. उत्तर लिहायची वेळ आली तेव्हा दीर कार्ड घेऊन बसला, सगळ्यांचा नमस्कार-चमत्कार झाला, आणि सासू पाटावरून न उठता म्हणाली, “कपिलेला पेंड घातली म्हणून लिव.”

“म्हणजे त्यांना कळलं होतं?”

“पहिल्याच कार्डाला. दुसऱ्या खेपेला मीच दिराला सांगितलं, लिव, कपिला मारकी झालीय, दिवाळीला येताना जपून.”

हे सांगताना आजी अशी काही हसली की मी नजर तिळांकडं वळवली. आपल्या आजीला अठरा वर्षांची बघणं जरा अवघडच असतं.

“ध्यानात घे,” ती परत सूप घेत म्हणाली. “जे म्हणायचंय ते दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर घालायचं. तिला कळलं तर हसंल. नको आसंल तर गाईचं बोलणं म्हणून सोडून देईल, तिला न्हाई म्हणायची येळ येत न्हाई. तुझी बी आब्रू राहती, तिची बी.”

लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत गाडं रुतलं. तिला तू म्हणायचं की तुम्ही? ‘तू’ म्हणावं तर सलगी, ‘तुम्ही’ म्हणावं तर बँकेतला कॅशियर. मी अर्धा तास हे दोन शब्द आलटून पालटून टाइप केले असते, पण आजीनं तो प्रश्न चुटकीसरशी सोडवला. दोन्ही घालू नकोस म्हणाली. ‘येणं होईल का’, ‘विचारणं झालं होतं’, ‘जेवायचं ना’. यात तूही नाही आणि तुम्हीही नाही. जन्मभर नवऱ्याला नावानं हाक न मारता ज्या बायकांनी त्याच्याकडून भाजी, साडी आणि विहिरीचं पाणी आणवलं, त्यांच्या व्याकरणापुढं आमची परीक्षेची मराठी म्हणजे बालवाडी.

येळवशीचं निमित्त तर देवानंच पाठवलेलं. त्या दिवशी लातूर शहरात शोधून माणूस सापडत नाही. सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात असतात, ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी नेतंच. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग हरभरा, तूर, वाल असल्या हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील, सगळं शेतात बसून. त्यामुळं बोलावण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मात्र एकटीला बोलवायचं नाही, अख्ख्या अभ्यासिकेला बोलवायचं, अशी आजीची अट. “पंगत समद्यांला. आंबिलीचा निरोप तिला येकटीला.”

शेवटी दीड तासानं, एकवीस वेळा खोडून, पुढचा मजकूर उभा राहिला :

‘दुरुस्ती 1992चीच. वहीत लाल पेनानं सुधारलं. येळवस काय असतं असं विचारणं झालं होतं, ते सांगून कळत नाही, शेतात बसून जेवावं लागतं. अभ्यासिकेतले सगळे आमच्याकडं येताहेत. आजी आंबिलीचं एक मडकं जास्त लावायली. जालन्याकडचं कुणीतरी येणार म्हणते. खरं का?’

‘लाल पेनानं’ हे माझं. त्याचा मला अभिमान आहे. बाकी सगळं तिचं. ‘खरं का’ हे दोन शब्द तर खास तिचेच. उत्तर एका शब्दात देता आलं पाहिजे, मोठं उत्तर मागितलं की माणूस उद्या लिहू म्हणतं आणि तो उद्या उगवत नाही, असं तिचं मत. माझा फोन ‘आंबील’ला दर वेळी ‘अनिल’ करत होता. एक मडकं जास्तीचा अनिल जाता जाता वाचला.

“आता ह्याच्यात गाय घाल,” आजी म्हणाली.

“गाय कशाला?”

“चित्रं असतात ना त्याच्यात? म्या बघितलीत. गाय घाल.”

मी समजावलं की लोक हृदय घालतात, फूल घालतात, फार तर हसरा चेहरा. गाय कुणी घालत नाही. आजी म्हणाली, म्हणूनच. वाद घालता घालता तिनं फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला, जनावरांचं पान शोधून काढलं आणि तिळानं माखलेलं बोट गाईवर टेकवलं. गाय आली. मग तिनं तेच बोट शेजारच्या हिरव्या बाणावर टेकवलं. ते चुकून टेकवलं असं ती आजही सांगते.

मी फोन पालथा घालून अंगणात जाऊन उभा राहिलो. परत आलो. सुलटा केला. एक खूण. दोन खुणा. निळ्या. वर ‘टाइप करत आहे’ असं आलं आणि गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. आजीनं दरम्यान पाव किलो तीळ निवडून संपवले.

मग आलं. ‘खरं. पण गाय कुणाची?’

मी तो मेसेज चार वेळा वाचला आणि मग आजीला दाखवला. तिनं फोन लांब धरून, ओठ हलवत, एकेक अक्षर लावून वाचला.

“आता काय लिहू?”

“काय लिवू नको. शेतात आली की सांग. आता कुठं तिनं इचारलंय.” आणि सूप झटकून ती उठायला लागली.

तेवढ्यात आतून भाकरीची टोपली घेऊन आई ओसरीच्या दारात आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आजीकडंच बघून विचारलं,

“अत्याबाई, मडकी किती काढू? कपिलेला वेगळं लावायचं का?”