पेन्शन विकायची ती टॅक्ससाठी नव्हे

“पेन्शन जेवढी विकता येईल तेवढी विकून टाका. एकरकमी पैसा सगळ्यांनाच शंभर टक्के टॅक्स फ्री असतो, महिन्याच्या पेन्शनवर मात्र मरेपर्यंत टॅक्स भरावा लागतो.”

सोलापुरात रेल्वेतून, झेडपीतून, महापालिकेतून रिटायर होणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. त्यावर विसंबून लोक कम्युटेशनच्या, म्हणजे महिन्याच्या पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेण्याच्या फॉर्मवर सही करतात आणि एकदा झालेली विक्री पुढे रद्द करता येत नाही. म्हणून एकेक गोष्ट नीट पाहू.

आधी महिन्याच्या पेन्शनचं. ती करपात्र आहे हे खरं. तिला पगारासारखंच धरतात. पण करपात्र असणं आणि प्रत्यक्ष टॅक्स भरावा लागणं यात फरक आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वगळून उरलेल्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, रिबेटमुळे, टॅक्स शून्य होतो. म्हणजे फक्त पेन्शनच असेल तर वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत काही भरावं लागत नाही.

सोलापूर रेल्वे विभागातून साठाव्या वर्षी निवृत्त होणारा कर्मचारी घ्या. शेवटचा मूळ पगार ६०,०००, म्हणजे मूळ पेन्शन त्याच्या निम्मी, ३०,०००. महागाई भत्ता ५८ टक्के धरला तर १७,४००. महिन्याला ४७,४०० आणि वर्षाला ५,६८,८०० रुपये झाले. टॅक्स शून्य.

आता त्याने कमाल मर्यादेइतकी, म्हणजे ४० टक्के पेन्शन विकली. दरमहा १२,००० कमी होणार. पुढच्या वाढदिवसाला वय ६१, त्याचा सरकारी तक्त्यातला गुणक ८.१९४. म्हणून १२,००० × १२ × ८.१९४ = ११,७९,९३६ रुपये हातात येतात आणि सरकारी कर्मचारी असल्याने ते पूर्ण करमुक्त. महागाई भत्ता मात्र मूळ ३०,००० वरच मिळत राहतो. पेन्शन उरली ३५,४००. टॅक्स आधीही शून्य होता, आताही शून्यच. वाचलं काय?

उलट कपात चालते १५ वर्षं. एकूण २१,६०,००० रुपये. म्हणजे वर्षाला साधारण ९ टक्के व्याजाने पैसे उचलल्यासारखंच. एक गोष्ट बाजूने सांगायलाच हवी: मधेच पेन्शनर गेला तर कपात तिथेच थांबते आणि बायकोच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून काही कापत नाहीत. घराचं महागडं कर्ज फेडायचं असेल, मुलीचं लग्न असेल, तब्येत तोळामासा असेल तर विकणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण मग कारण ते आहे, टॅक्स नव्हे.

टॅक्स खरोखर वाचतो तो मोठ्या अधिकाऱ्यांचा. मूळ पेन्शन महिन्याला लाखाच्या घरात असेल, तर ४० टक्के विकल्यावर वर्षाला ८६ हजारांच्या आसपास टॅक्स कमी होतो.

आणि मिळालेले पावणेबारा लाख तसेच एफडीत टाकले तर? ७ टक्क्यांनी वर्षाला सुमारे ८२,६०० रुपये व्याज येईल. रक्कम करमुक्त असली तरी तिचं व्याज उत्पन्नात धरावंच लागतं. महिन्याला ते ६,९०० पडतं आणि सोडलेले असतात १२,०००. मुद्दल हातात राहतं, हे कबूल.

“सगळ्यांनाच” हा शब्द तर सरळ चुकीचा आहे. पूर्ण सूट केंद्र, राज्य, स्थानिक स्वराज्य संस्था आणि कायद्याने स्थापन झालेल्या महामंडळांच्या कर्मचाऱ्यांना आहे. खासगी मालक स्वतः पेन्शन देत असेल, तर ग्रॅच्युइटी मिळालेल्याला एक तृतीयांश आणि न मिळालेल्याला निम्मी सूट. इथे हमखास घोळ होतो, कारण हा हिस्सा हाती आलेल्या रकमेचा नसून पूर्ण पेन्शन विकली असती तर जी किंमत आली असती तिचा असतो. समजा ६० टक्के विकून ९ लाख आले. पूर्ण किंमत झाली १५ लाख. ग्रॅच्युइटी मिळालेली असेल तर ५ लाख करमुक्त आणि उरलेले ४ लाख त्या वर्षाच्या उत्पन्नात.

आपल्याकडच्या विडी आणि गिरणी कामगारांनी तर हा मेसेज वाचून ऑफिसात खेटेच घालू नयेत. त्यांची पेन्शन पीएफच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतली असते आणि तिथली विक्री २००८ मध्येच बंद झाली आहे.

ज्यांनी आधीच विकली आहे त्यांनी बँकेचा फॉर्म १६ एकदा पीपीओशी, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाशी, ताडून पाहावा. पीपीओवर मूळ पेन्शन, विकलेला भाग आणि उरलेली पेन्शन वेगवेगळी छापलेली असते. फॉर्म १६ मधलं उत्पन्न उरलेली पेन्शन अधिक महागाई भत्ता एवढंच हवं. तिथे मूळ पेन्शन धरलेली दिसली, तर न मिळालेल्या पैशावर टॅक्स मोजला जातोय. बँकेकडून तो आकडा दुरुस्त करून घ्या आणि मगच रिटर्न भरा.