आमचं जुनं चॅट नव्या माणसाला दाखवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

नवा माणूस आला की त्याला ग्रुपमध्ये जोडायचं, आमचं जुनं सगळं बोलणं त्याच्यासमोर उघडं करायचं आणि वर आम्हालाच विचारायचं, "त्यात एवढं काय झालं?" संताप येतो नुसता!

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या कंपनीत खरेदी विभागातल्या पाच जणांचा मायक्रोसॉफ्ट टीम्सवर एक ग्रुप चॅट होता. कामाचं बोलणं व्हायचंच, पण आमच्यातल्या एका ताईंनी तिथेच आपल्या आजारपणाचं लिहिलं होतं. कुठल्या तारखांना दवाखान्यात जायचंय, त्या दिवशी त्यांचं काम कोण बघेल, असं सगळं. पाच जणांवर भरवसा होता म्हणून लिहिलं. पुढे नवा मॅनेजर आला आणि लीडने त्याला त्याच चॅटमध्ये घेतलं. आठवडाही झाला नव्हता, तो सगळ्यांसमोर ताईंना म्हणाला, "बेन, तमारी ट्रीटमेंट हजी चाले छे ने? तो आ व्हेंडर बीजाने आपी दईए." म्हणजे ट्रीटमेंट चालू आहे, तर हा व्हेंडर दुसऱ्या कुणाला देऊ! ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी त्याला अवाक्षर सांगितलं नव्हतं!

लीड म्हणतो, "सिस्टीमने आपोआप दाखवलं." साफ खोटं. ग्रुप चॅटमध्ये माणूस जोडताना टीम्स तीन पर्याय समोर ठेवतं: `Don't include chat history`, मग किती दिवसांचं दाखवायचं तो आकडा भरायचा पर्याय, आणि `Include all chat history`. आपणहून निवडलं नाही तर पहिलाच पर्याय राहतो, म्हणजे जुनं काहीच दिसत नाही. याने तिसरा निवडला. ते त्याच चॅटमध्ये लिहिलेलंही आहे! माणूस जोडला की बारीक अक्षरांत एक ओळ येते, कुणी कुणाला जोडलं आणि सगळा इतिहास शेअर केला. आम्ही ती ओळ त्याला दाखवली, तर म्हणे घाईत झालं असेल. आणि हा अधिकार फक्त लीडला असतो असंही नाही. त्या पाचांपैकी कुणीही सहावा माणूस जोडू शकतो, बाकीच्या चौघांना न विचारता. दोघांच्याच चॅटमध्ये तिसरा घेतला तर निदान नवा ग्रुप तयार होतो आणि जुनं तसंच दोघांत राहतं. चॅनेलमध्ये तर पर्यायच नाही. टीममध्ये जो येईल त्याला टीमचं साधं चॅनेल पहिल्या दिवसापासून वाचता येतं. रुजू होताना दहा मिनिटं काढून हे कुणी सांगितलं असतं तर ताईंनी तिथे एक ओळ लिहिली नसती.

मग मी आयटीकडे गेलो. तिथला एक जण छाती फुगवून म्हणतो, "हम तो सबका सब देख सकते हैं." त्याच्या शेजारचा म्हणतो, "कोई कुछ नहीं देख सकता." अरे, दोघंही चूक! टीम्सच्या अॅडमिन सेंटरमध्ये बसून कुणाचं चॅट उघडता येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच पर्व्ह्यूमधलं ई-डिस्कव्हरी, म्हणजे कंपनीतले मेसेज आणि मेल शोधायचं साधन लागतं आणि ते वापरायची भूमिका, म्हणजे परवानगी, वेगळी द्यावी लागते. सगळ्यात वरचा अधिकार असलेल्या ग्लोबल अॅडमिनलाही ती आपसूक मिळत नाही, पण तो स्वतःला देऊ शकतो, आणि खरी भीती तिथे आहे. ती मिळाली की दोघांतलं खाजगी चॅटसुद्धा शोधता येतं आणि ज्याचं चॅट आहे त्याला पत्ताही लागत नाही. शोध घेतल्याची नोंद ऑडिट लॉगमध्ये राहते, पण तो लॉग आपल्याला कोण दाखवणार?

ताईंनी त्याच दिवशी आपले जुने मेसेज एकेक करून डिलीट केले. बिचाऱ्या संध्याकाळपर्यंत तेच करत बसल्या होत्या. त्याने चॅटमधल्या माणसांना दिसणं थांबलं, एवढंच. कंपनीने मेसेज ठराविक काळ जपून ठेवायचं धोरण लावलं असेल, तर डिलीट केलेला मेसेज मेलबॉक्सच्या लपलेल्या फोल्डरात तसाच राहतो आणि ई-डिस्कव्हरीत सापडतो. आमच्याकडे असं धोरण आहे की नाही? विचारलं, तर "वो कॉन्फिडेन्शियल है." माझ्याच शब्दांचं काय होतं ते माझ्यापासून कॉन्फिडेन्शियल!

मला लेखी हवंय: ई-डिस्कव्हरीची भूमिका आज कुणाकुणाकडे आहे, ती कुणाच्या सहीने मिळते आणि चॅट किती दिवस जपलं जातं. आणि नवा माणूस आला की त्याच्यासाठी नवा ग्रुप काढा, दोन मिनिटांचं काम आहे. लीडने तर अजून ताईंची माफीसुद्धा मागितलेली नाही. ती त्याने मागायची, आणि त्या मॅनेजरसमोर मागायची.