एक पेशंट पावभाजी

शनिवारी संध्याकाळी डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या गाडीवर मी फक्त एवढंच म्हणालो, "दादा, एक पावभाजी, बटर जरा कमी." आवाजही बारीकच ठेवला होता. आठच दिवसांपूर्वी माझ्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड्ससमोर लॅबवाल्याने ठळक अक्षरांत आकडा छापला होता आणि ती बातमी चौकभर व्हावी अशी माझी अजिबात इच्छा नव्हती. दादाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, कालथा तव्यावर दोनदा आपटला आणि मागच्या पोऱ्याला ओरडून सांगितलं, "एक पेशंट!"

बाकावरची सात माणसं वळली. त्यातली दोन आमच्याच सोसायटीतली.

नंतर कळलं, 'पेशंट' हा तिथला रीतसर शब्द आहे. बटर कमी म्हणजे पेशंट, कांदा-लसूण नको म्हणजे जैन. जैनवाल्याला निदान धर्माचा तरी आधार असतो. मला कशाचाच नव्हता.

माझ्या शेजारी एक काका बसले होते. निवृत्त. पायात चालायचे बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. ते आनंदाने म्हणाले, "नवीन आहात वाटतं? मला चार वर्षं झाली." जणू आम्ही एकाच वॉर्डात ॲडमिट होतो. "बटर कमी सांगून काही होत नाही हो. माझी पद्धत बघा." त्यांची प्लेट आली. भाजीवर बटरचा चौकोनी तुकडा वितळत होता, कडेने केशरी ओघळ सुटले होते. काकांनी खिशातून टिश्यू पेपर काढला, त्याची चार पदरी घडी घातली आणि शस्त्रक्रियेला बसल्यासारखे एकाग्र होऊन तो भाजीवर दाबू लागले. एकदा दाबलं, उचललं, उजेडात धरून पाहिलं. मग दुसरी बाजू.

"हे बघा," तो केशरी, तेलकट बोळा माझ्या नाकासमोर धरत ते म्हणाले, "दोनशे कॅलरी. गेल्या."

"दोनशे?"

"कमीत कमी. आणि तव्यावर चर्र आवाज येतो ना, तेव्हाही बऱ्याच उडून जातात."

मला भांडायचं नव्हतं, पण राहवेना. म्हटलं, काका, चर्र होतं ते बटरमधलं पाणी. बटरमध्ये साधारण सोळा टक्के पाणी असतं, तव्याला टेकलं की त्याची वाफ होते. चरबी तिथेच राहते. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्ही पहिल्याच आठवड्यात फार वाचलंत."

तेवढ्यात माझी प्लेट लागत होती. दादाने सवयीने बटरच्या लादीवरून तुकडा कापला, मग आठवलं तसा हात हवेत थांबवला. काका बसल्या जागेवरून म्हणाले, "त्यांचं राहू दे. माझ्यात टाक." आणि त्याने टाकलं! माझ्या हक्काचा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत त्या टिश्यू पेपरने पुसलेल्या भाजीवर जाऊन बसला. मला विचारलंसुद्धा नाही. प्लेटीचा भाव मात्र दोघांना सारखाच, एकशेचाळीस रुपये.

माझी भाजी तरी कोरडी होती का? छे. ती आली तव्याच्या मधल्या ढिगातून. तो ढीग म्हणजे दुपारी चारपासून वीसेक प्लेटांसाठी बटाटा, फ्लॉवर, वाटाणा ठेचून, बटरमध्ये परतून, पाणी मारून पुन्हा बटरमध्ये परतलेला गोळा. तुम्ही 'कमी' म्हणता तेव्हा फक्त वरचा तुकडा कमी होतो. पाव तर तव्याच्या कडेला आधीच्या गिऱ्हाइकांच्या बटरमध्ये घासून निघतात, म्हणजे आपल्या पोटात दुसऱ्यांच्याही कॅलरी येतात.

रविवारी मी रागाने वजनकाटा काढला. बायको म्हणाली, "अहो, वेड लागलंय का?" चार माणसांची पावभाजी करायला घेतली आणि भांड्यात पडणारी प्रत्येक गोष्ट आधी काट्यावर ठेवली. बटाटे ४०० ग्रॅम, टोमॅटो ३००, फ्लॉवर २००, कांदा १५०, मटार आणि ढोबळी मिरची शंभर-शंभर. एवढ्या सगळ्या भाज्यांच्या कॅलरी झाल्या पावणेसहाशेच्या आसपास, म्हणजे एका प्लेटीला १४३. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या बटाट्याच्या, फ्लॉवर बिचारा माणशी बारा-तेराचा धनी. ठेचल्याने त्यात एकही वाढत नाही. फक्त ठेचलेला बटाटा बटर पितो आणि चावायचे कष्ट नसल्याने प्लेट पाच मिनिटांत संपते.

मग बटर. पाकिटावर १०० ग्रॅमला ७२२ कॅलरी लिहिलेल्या असतात. गाडीची चव यायला भाजीत माणशी १५ ग्रॅम घालावंच लागलं. त्याहून कमीत चिरंजीव म्हणाले, "ही भाजी हॉस्पिटलची आहे." वरचा तुकडा १० ग्रॅम. दोन पाव आडवे कापून दोन्ही बाजूंनी भाजले, त्यांनी सात-सात ग्रॅम ओढलं. एकूण ३९ ग्रॅम, २८१ कॅलरी. भाज्यांच्या जवळजवळ दुप्पट! नाव मात्र भाजीचं. लादी पाव माझ्या काट्यावर चाळीस ग्रॅमचा भरला, कोरडाच एकशेदहाचा. दोनाचे २२०. सगळं मिळून ६४४. आणि हा घरचा, बायकोच्या नजरेखालचा हिशेब. गाडीवरच्या कालथ्याला वजनकाटा नसतो.

म्हणजे भर चौकात पेशंट होऊन मी वाचवलं काय? वरचे दहा ग्रॅम. बहात्तर कॅलरी. ५७२ तरीही पोटात गेल्याच.

खरा चोर वेगळाच निघाला. पाव नेहमी आधी संपतात, भाजी उरते, मग हात आपोआप वर जातो: "एक जोडी!" बटर लावलेली ती एक जोडी ३२१ची, म्हणजे अख्ख्या प्लेटीच्या निम्मी. तिच्यावर कोणी ओरडत नाही, कोणाला पेशंट म्हणत नाही. उलट पोऱ्या न मागताच विचारतो, "पाव देऊ?" काकांनी त्या दिवशी दोन जोड्या खाल्ल्या होत्या. मी मोजल्या होत्या.

टिश्यूचाही प्रयोग केला. कोरडा कागद तोलला, भाजीवर दाबला, पुन्हा तोलला. चार ग्रॅमचा फरक. तो सगळा चरबीचाच धरला, भाजीचं पाणी सोडून दिलं, तरी ग्रॅमला नऊ या हिशेबाने छत्तीस कॅलरी. काकांचे दोनशे कुठल्या कागदाने टिपले असतील ते त्यांनाच ठाऊक.

सोमवारी सकाळी हा हिशेब तोंडपाठ करून बागेत गेलो. काका समोरून येत होते, घड्याळाकडे बघत, झपाझप. मी तोंड उघडणार तोच ते जॉगिंग ट्रॅकच्या पार त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय पेशंट, आज लवकर?" मागून चालणाऱ्या तीन बायका हसल्या. मी काकांबरोबर दोन फेऱ्या मारल्या आणि एक शब्द बोललो नाही. पण त्या तुकड्याचे सहा रुपये तरी होतात, आणि ते त्यांच्याकडे निघतात.