वीसच्या आत, पण चढता
«भावाला हेपटायटिस बी आहे. म्हापशात दर सहा महिन्यांनी तपासतो. एएफपी ४, ९, आता १७. वीसच्या आतच ना? सोनोग्राफी साफ आहे.»

एएफपी हा यकृताच्या कॅन्सरचा इशारा देऊ शकणारा रक्तातला आकडा. वीसच्या आत असला तरी दर खेपेला जवळजवळ दुप्पट होतोय, हे सोडून देऊ नका. तिन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का ते आधी बघा. किट बदललं की आकडा हलतो. मग यकृताची सूज दाखवणारा एसजीपीटी आणि रक्तातला विषाणू मोजणारा एचबीव्ही डीएनए करा. एसजीपीटी वाढलेला असेल तर यकृताच्या सुजेनेही एएफपी चढतो, आणि औषधाने सूज उतरली की तोही उतरतो. एसजीपीटी नॉर्मल असूनही एएफपी चढत असेल तर पुढच्या सोनोग्राफीची वाट बघू नका. डायफ्रामखालची लहान गाठ सोनोग्राफीत निसटते. यकृततज्ज्ञांना विचारून ट्रायफेजिक सीटी किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय करा.