सांडलंय? पाण्याचा पाइप आणा!

समजा, तुमचा झिंक प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. पाळीला सहा माणसं. एका भिंतीला अ‍ॅसिडने गंज काढायच्या, म्हणजे पिकलिंगच्या टाक्या, समोरच्या भिंतीला सायनाइड झिंकची लाइन. हेल्परने हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा ३५ लिटरचा कॅन जमिनीवरून ओढला, खाली खिळा होता, तळाला चीर पडली. तीस टक्क्यांचं अ‍ॅसिड धूर सोडत फरशीवर पसरतंय. घाबरू नका. कारखानदारीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत खाली देत आहोत. ती नीट पाळलीत तर दुपारपर्यंत कारखान्यात एकही माणूस उरणार नाही.

सर्वांत आधी पाण्याचा पाइप. अ‍ॅसिड जागच्या जागी राहिलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं आणि कारखान्याची लाज जाते. खरं पाहता पाच मिलिमीटरचा थर धरला तर ३५ लिटर जेमतेम ७ चौरस मीटर व्यापतं, म्हणजे पाऊणशे चौरस फूट. उताराच्या बाजूने वाळूच्या पिशव्या आडव्या टाकल्या तर ते तिथेच थांबेल, पण मग मजा काय? पाइप सोडला की त्याच ३५ लिटरचं पाचशे लिटर होतं आणि ते स्वतःच्या पायाने गटाराच्या जाळीकडे चालू लागतं.

जाळीखालचं पाणी पुढे कुठे जातं, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पिकलिंगचं आणि सायनाइडच्या लाइनचं धुवण एकाच चेंबरमध्ये पडत असेल, तर ते अ‍ॅसिडला लगेच कळतं. सायनाइडचं पाणी अल्कधर्मी ठेवतात ते हौस म्हणून नव्हे. सामू ९ च्या आसपास उतरला की त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू सुटू लागतो, आणि अ‍ॅसिड पडलं की सामू कितीतरी खाली उतरतो. या वायूला कडू बदामासारखा वास येतो म्हणे. अनेकांच्या नाकाला तो कळतच नाही, म्हणून ‘वास नाही म्हणजे वायू नाही’ हा आपला नियम फार सोयीचा आहे. जाळीवर दोन फुटी रबराची शीट टाकून वर वाळूची पिशवी ठेवली असती तर अर्ध्या मिनिटात वाट बंद झाली असती. शीट आहेही. फक्त ती सध्या प्रेसजवळ उभं राहायला वापरतात.

आणि अ‍ॅसिड चेंबरपर्यंत पोचलंच, तर एकाने झाकण उघडून आत वाकावं आणि किती गेलंय ते बघावं. तो खाली पडला की दुसऱ्याने त्याला ओढायला जावं. नवशिके लोक अशा वेळी वाळू, सोडा, सगळं जिथल्या तिथे टाकून बाहेर पडतात, वाऱ्याच्या वरच्या बाजूला गेटवर जमतात, सहाची सहा डोकी मोजतात आणि अग्निशमन दल येईपर्यंत आत पाऊल टाकत नाहीत. सायनाइड आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की ते काम सहा माणसांच्या कारखान्याचं राहत नाही, असं त्यांना वाटतं.

समजा नशिबाने अ‍ॅसिड फरशीवरच थांबलं. आता ते ‘मारायचं’. त्यासाठी हाताशी असलेलं सर्वांत जालीम औषध म्हणजे कॉस्टिकचे फ्लेक्स. मूठभर फेका आणि जवळून पाहा: उष्णता एवढी निघते की मिश्रण उसळून तोंडावर येतं. सोडा अ‍ॅश हे मवाळ लोकांचं काम. तीस टक्क्यांच्या अ‍ॅसिडला लिटरमागे साधारण अर्धा किलो लागतो, म्हणजे पूर्ण कॅनला साडेसतरा किलो. टाकायचा तो कडेकडेने, थोडा थोडा, आतल्या दिशेने सरकत. मध्यभागी एकदम पोतं उपडं केलं तर फेस बांधाच्या वरून जातो. पूर्ण कॅन मारताना सुमारे चार हजार लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो आणि फसफसताना अ‍ॅसिडचे तुषार वर घेऊन येतो. म्हणून शटर उघडे आणि एक्झॉस्ट चालू ठेवावे लागतात. हे अ‍ॅसिड पेटत नाही. थिनर सांडलं असतं तर स्विचला हातही लावायचा नसतो, पण आपण दोन्हीकडे एकच नियम लावतो: पंखा बंद, धूर बाहेर जाऊन शेजाऱ्यांना कळायला नको.

फेस थांबला म्हणजे काम झालं असं समजा. सामूची पट्टी लावून ६ ते ८ दिसेपर्यंत थांबणं हे शाळेतल्या प्रयोगवहीचं काम.

भुसा टाकायचा मोह झाला तर जरूर टाका. या अ‍ॅसिडवर निभावून जाईल. सवय मात्र लागेल, आणि पुढच्या वेळी नायट्रिक सांडेल तेव्हा तोच भुसा पेट घेईल.

कोणी काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे सोपा आहे: सगळ्यांनी सगळं करायचं. सहाजण एकदम धावले की दोघांच्या हातात एकच पोतं येतं आणि जाळीकडे कोणी नसतो. पाटीवर नावं लिहून ठेवणारे काही विक्षिप्त कारखाने आहेत. तिथे ज्याला दिसलं तो ओरडतो आणि बाजूला होतो, एकजण जाळी झाकतो, दोघेच आत जातात, एक दारात उभा राहून त्या दोघांवर नजर ठेवतो आणि सुपरवायझर गेटवर डोकी मोजून फोन लावतो. ओरडणारा तो सहावा, शेजारच्या शेडला सांगायला जातो. आत जाणाऱ्यांच्या तोंडावर पूर्ण चेहऱ्याचा मास्क, त्याला मुदतीतलं अ‍ॅसिड गॅसचं कार्ट्रिज, हातात लांब पीव्हीसीचे मोजे. पँट गमबुटाच्या बाहेर. आत खोचली की ओघळ थेट बुटात उतरतो आणि पाय तासभर अ‍ॅसिडात मुरतो. तुम्ही रुमाल बांधा. ओला केलात तर जास्त आत्मविश्वास येतो.

कोणाच्या अंगावर उडालं तर त्यावर सोडा चोळा, म्हणजे उष्णता थेट कातडीवर निघेल. कपडे काढून वाहत्या पाण्याखाली १५-२० मिनिटं उभं राहणं, डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ धुणं, हे फार कंटाळवाणं असतं. त्यातून ऑर्डर उशिरा जाते.

आता कळवण्याचा प्रश्न. कळवायचं मालकाला, तेही संध्याकाळी. १०१ ला फोन करायचाच झाला तर ‘केमिकल सांडलंय, लवकर या’ एवढंच सांगा. कोणतं, किती टक्क्यांचं, किती लिटर, शेजारी सायनाइड आहे का, जखमी किती, हे सांगितलं तर ते तयारीने येतील आणि तुमची फजिती होईल. रसायनांच्या धोक्यांची माहिती असलेली एमएसडीएसची फाइल ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवा. गेटवर टांगली तर पावसात भिजते. पाणी बाहेरच्या लाइनमध्ये गेलं असेल तर सामायिक सांडपाणी केंद्राला कळवू नका. वेळेत कळलं तर ते आवक वळवतील आणि टाकीतले जिवाणू वाचवतील. प्रदूषण नियंत्रण मंडळाला वास पोचेलच. कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त घरी राहिला तर औद्योगिक सुरक्षा संचालनालयाला नोटीस द्यावी लागते, म्हणून त्याला सत्तेचाळिसाव्या तासाला बोलावून खुर्चीवर बसवा.

उरलेला चिखल घमेल्याने कचराकुंडीत. लेबल लावलेल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरून तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला पाठवायला पैसे पडतात. रजिस्टरमध्ये ‘किरकोळ गळती, पाण्याने धुतली’ अशी नोंद करा. वेळ लिहू नका, कॅनमध्ये किती उरलं ते मोजू नका, खिळ्याचा उल्लेख तर अजिबात नको. तो खिळा अजून तिथेच आहे, आणि सोडा अ‍ॅशचं राखीव पोतं डिग्रीसिंगच्या टाकीवाल्याने परवाच उचलून नेलंय.